नंदिनीच्या हातचं धुणं

नागपुरात आमच्या इंदोऱ्यात ढोलक वाजवणारे पुष्कळ आहेत. पण वाजवता वाजवता मधेच स्वतःच्या गुडघ्याकडे नजर टाकणारा एकच, धम्मानंद. तो माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे, आणि वर गच्ची मात्र एकच. त्यामुळे त्याच्या घरातलं मला जे काही ठाऊक आहे ते भिंतीला कान लावून कळलेलं नाही, कपडे वाळत घालताना कळलेलं आहे. दोरीवर कोणाचंच काही लपत नाही.

दिवसा तो सदर भागात एका चष्म्याच्या दुकानात काम करतो. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाने कापायच्या आणि बसवायच्या. त्यातून त्याला आपल्या नजरेचा भारी अभिमान. उन्हाच्या चष्म्याच्या दोन काचा त्याच्यापुढे धरा, आपल्याला दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, तो म्हणणार की डावीकडची जराशी तपकिरी आहे. आणि ती असतेही. पण हा अभिमान दुकानातच ठेवून यावा ना माणसानं? नाही. तो घरी घेऊन यायचा, आणि भाजीच्या रंगावरून, भिंतीच्या रंगावरून बोलत बसायचा. नंदिनी, त्याची बायको, ऐकून घ्यायची. मी असते तर दोन दिवसांत भांडले असते.

संध्याकाळी तो संघपालच्या गायन पार्टीत ढोलक वाजवायचा. जयंतीचे दिवस, बुद्धपौर्णिमा, दीक्षाभूमीचे दिवस, कुठे कोणाच्या घरी नामकरण, कुठे विहाराचं उद्घाटन. पार्टीला वर्षभर बोलावणी असायची. पार्टीचा ड्रेस ठरलेला आहे, पांढरा शर्ट आणि गडद निळी जीन्स. यात संघपाल फार कडक. गाण्यात एखादा सूर इकडेतिकडे झाला तर तो हसून सोडून देईल, पण एकाची पँट निळी आणि एकाची आकाशी दिसली की त्याचं डोकं फिरतं. त्यातून ढोलकवाला बसतो पुढे, मांडी घालून. स्टेजवरचा लाइट नेमका त्याच्या गुडघ्यावर पडतो. आणि जीन्सचा रंग आधी उडतो तो गुडघ्यावरच.

पार्टीतल्या सगळ्यांच्या जीन्स वर्षा-दीड वर्षात उडायच्या. धम्मानंदची उडायची नाही. त्याच्याकडे दोन होत्या, एक कामावर जाताना घालायची आणि एक प्रोग्रामची, आणि प्रोग्रामची तर इतकी जुनी होती की तिच्या खिशाच्या कडा विरल्या होत्या, पण रंग बघाल तर कालच दुकानातून आणली असं वाटावं. लोक विचारायचे. आणि हा पट्ठ्या काय सांगायचा?

"कपड्याची पारख लागते जी. मी घेतानाच उजेडात नेऊन पाह्यतो. माही नजर आहे."

गच्चीवर बसून त्यानं हे मलाही ऐकवलं होतं. मागे नंदिनी बादली घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ मुडपले आणि बादली उचलून चालू पडली. 

नंदिनीचं धुणं मी इतकी वर्षं पाहिलं आहे की ते मला माझ्या स्वयंपाकासारखं पाठ आहे. जिना जिथं गच्चीवर संपतो तिथं टिनाचं छप्पर घातलेली एक लहानशी जागा आहे. तिथं तिचं वॉशिंग मशीन. जुनं, दोन डब्यांचं. एका डब्यात कपडे धुवायचे, मग हातानं उचलून दुसऱ्या डब्यात, म्हणजे ड्रायरमध्ये टाकायचे, आणि बटण फिरवलं की तो गरगर फिरून पाणी काढतो. बाकीचे कपडे ती कसेही धुवायची. पण जीन्सचा दिवस आला की तिचा चेहराच बदलायचा. कोणी पाहुणा येणार असल्यासारखी ती हळूबाई व्हायची.

आधी ती चेन लावायची, बटण लावायची. मग पायाच्या मोरीतून आत हात घालून, कंबरेपर्यंत खोल, जीन्स पूर्ण उलटी करायची. आतली पांढुरकी बाजू बाहेर. मी तिला एकदा विचारलं होतं, काहून वं एवढा खटाटोप? ती म्हणाली, "ताई, हिचा रंग सूतभर आत जाते का? वरच्यावर बसलेला राह्यते. मशीनमंदी कपडे एकमेकाले घासतात, डब्याले घासतात. मंग घासू द्या ना आतली बाजू. ती कोणाले दिसते?" रंगीत कपड्यांतलंही दुसरं काही ती सोबत टाकायची नाही, फार तर एखादा काळा टॉवेल. साबणाची पावडर नाही, झाकणभर पातळ साबण. मशीन हलक्या फेऱ्यावर आणि थोडाच वेळ. आणि ड्रायर? ड्रायरचं बटण ती पूर्ण कधीच फिरवायची नाही. थोडंसं फिरवायचं, आणि पाइपातून येणारी धार तुटून थेंब थेंब व्हायला लागली की बंद. "जास्त फिरवलं की तिच्या अंगावर घड्या बसतात," ती म्हणायची, "अन् जिथं घडी बसते तिथं पांढरी रेघ येते. मंग ते म्हातारीच्या कपाळावानी दिसते." मग जीन्स झटकून, हातानं ताणून, उलटीच, टिनाच्या सावलीत. उन्हात कधीच नाही. संध्याकाळी वाळली की सरळ करून, घडी घालून कपाटात. धम्मानंद दुकानातून यायचा तेव्हा जीन्स सरळ, निळी, घडीवर घडी. त्याला वाटायचं कापड चांगलं आहे.

पाण्याचं तर वेगळंच. ते पुढे सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

प्रोग्रामला आम्ही दोघी बरोबर जायचो. ती डावीकडे पुढे बसायची, तिथून ढोलकवाला नीट दिसतो. मी गाण्यात रंगून जायची. ही मात्र गालाला हात लावून एकटक. एकदा मी म्हटलं, नवऱ्याला पाहून पोट नाही का भरत तुझं? तर म्हणते, "तुमी गाणं ऐका ताई. मी त्यायचा गुडघा पाह्यते." मला इतकं हसू आलं की पुढच्या बाया मागे वळून बघायला लागल्या.

मागच्या ऑगस्टमध्ये नंदिनी गेली. सकाळी धुणं धुतलं, दुपारी छातीत दुखतं म्हणाली, धम्मानंद दुकानातून धावत आला, ऑटोत घालून नेलं, आणि संध्याकाळी दवाखान्यातून तिचं नुसतं नाव घरी आलं. यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच लिहिते की अजूनही सकाळी गच्चीवर गेले की माझी नजर आधी टिनाखाली जाते. मला तिची फार आठवण येते. तिच्या जागी बोलायला मला कोणी मिळालं नाही आणि मी शोधलंही नाही.

धम्मानंदनं ढोलक खोळीत घालून कपाटावर ठेवून दिला. संघपाल येऊन बसायचा, चहा घ्यायचा, काही न बोलता जायचा. धम्मानंद-नंदिनीची मुलगी मोनाली भंडाऱ्याला नांदते. ती महिन्यातून एकदा यायची, घर आवरायची, बापाला चार गोष्टी सांगून जायची. बाकी सगळं तो स्वतः करायला शिकला. भाकरी जमली नाही, पोळी जमली. धुणंही तोच करायचा, आणि ते पाहणं माझ्या नशिबी आलं. सगळे कपडे एकदम मशीनमध्ये, पावडरीचा ढीग, बटण शेवटपर्यंत, ड्रायर शेवटपर्यंत, आणि मग भर उन्हात दोरीवर. मी काही बोलले नाही. शोकात असलेल्या माणसाला कपडे कसे धुवायचे ते काय सांगायचं? पण त्याची कामावरची जीन्स डोळ्यांदेखत उडत गेली. हिवाळा संपला तेव्हा ती गुडघ्यावर राखेसारखी झाली होती आणि मांड्यांवर पांढऱ्या रेघाच रेघा.

मार्चमध्ये संघपाल आला आणि या वेळी बोलला. मी भाजी द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"काय गा धम्मा, चौदा एप्रिलले बसशील ना? आपल्याच चौकात आहे. दुसरा पोट्टा बसवला होता मी, पण तो ठेका धरत नाही, ठेकाच त्याले धरते."

धम्मानंदनं कपाटावरच्या ढोलकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिनं मागच्या जयंतीले म्हटलं होतं, पुढच्या साली तुमी अजून पुढं बसा. मले अजून नीट दिसन म्हणे."

"मंग बस ना पुढं."

"बसतो," तो म्हणाला. "पण ड्रेसमंदी बसीन. तिले तसंच आवडे."

तेवढंच होतं सगळं. नंदिनी डावीकडून पाहायची तसा तो दिसायला हवा होता, गडद निळा, गुडघ्यासकट. बाकी काही त्याला नको होतं. एखाद्याला हे खुळं वाटेल. मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती उडालेली जीन्स मला गच्चीवर दाखवली. उजेडात धरून, चष्म्याची काच धरतात तशी. "वैनी, कापड फसवं निघालं," म्हणाला. "पाहा ना, पाच-सात महिन्यांत काय झालं."

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं त्या बाईनं हाताची साल काढली आणि हा अजून कापडालाच बोलत होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि राग निम्मा ओसरला. मी सांगितलं, "धम्माभाऊ, कापड काही फसवं नाही. तुमी सरळी धुतली. नंदिनी उलटी करून धुवे."

"उलटी?"

"आतली बाजू बाहेर. थंड पाण्यात. अन् ड्रायर थोडासाच. वाळत घाले ते इथं, सावलीत. तुमाले कधी दिसलं नाही?"

त्यानं टिनाखाली पाहिलं. मग माझ्याकडे. "मले तं ती सरळीच दिसे नेहमी," तो म्हणाला.

"तुमी यायच्या आधी ती सरळी करून ठेवे."

तो जीन्सची घडी घालायला लागला आणि घडी जमेना, तेव्हा नुसती खांद्यावर टाकून खाली गेला. त्या संध्याकाळी त्याच्या घरातला टीव्ही लागला नाही.

मग तो बाजारात जाऊन नवी जीन्स घेऊन आला; प्रोग्रामची जुनी ऑगस्टपासून त्याला दिसलीच नव्हती. अगदी गडद, जवळजवळ काळीच. पण नवी जीन्स रंग सोडते, आणि स्टेजवर पांढरी चादर अंथरलेली असते. मागे एकदा एका कोरसवाल्यानं नवी जीन्स न धुता घातली होती, तो उठला तेव्हा चादरीवर त्याच्या बसण्याचा निळा ठसा राहिला, त्याचे फोटो पार्टीच्या ग्रुपवर अजून फिरतात. म्हणून प्रोग्रामच्या आदल्या दिवशी धम्मानंदनं सुट्टी काढली आणि जीन्स धुवायला घेतली. मला विचारून घेतलं सगळं, नीट. चेन लावली, बटण लावलं. आत हात घालून उलटी केली. नवी असल्यामुळे कडक होती, त्याला घाम फुटला. झाकणभर पातळ साबण. मी मसाला वाळवायला घातला होता, तो राखत दाराशी बसले होते. म्हटलं चला, शिकला गडी. ऊन डोक्यावर आलं तशी मी मसाला उचलून खाली गेले.

तासाभरानं त्यानं मला हाक मारली. हाकेवरूनच काहीतरी बिनसल्याचं कळलं.

मशीनमधलं पाणी शाईसारखं निळं झालं होतं. पहिल्या धुण्यात थोडा रंग सुटतोच, पण हे थोडं नव्हतं. जीन्स बाहेर काढली तर सगळीकडून सारखी नाही, ठिकठिकाणी उतरलेली, शिवणींजवळ तर पार फिकी.

"मी सगळं तुमी सांगतलं तसंच केलं वैनी," तो म्हणाला. "गिझर तं आपल्याकडे नाहीच. नळाचंच पाणी घेतलं, थंड."

मी मशीनमध्ये हात घातला आणि लगेच काढून घेतला.

आता नागपूरच्या माणसाला हे सांगायला नको. एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी म्हणजे चहा टाकायचाच बाकी असतो. नळ तोच, पाणी तेच, पण जानेवारीत जे थंड असतं ते एप्रिलमध्ये हात भाजतं. आपण मात्र सवयीनं म्हणत राहतो, नळाचं थंड पाणी. गरम पाणी म्हणजे गिझरचं, बाकी सगळं थंड. त्यानं ते तसंच भरलं, आणि मीही 'थंड पाण्यात' एवढंच सांगून मोकळी झाले होते. नंदिनीची ती पाण्याची गोष्ट मला त्याला सांगायचं सुचलंच नव्हतं, कारण ती इतकी माझ्या डोळ्यांसमोरची होती की सांगण्याची बाबच वाटली नाही.

ती मी तेव्हा सांगितली. फाल्गुन लागला की नंदिनी आदल्या संध्याकाळी तीन बादल्या भरून टिनाखाली ठेवायची. टाकीचंच पाणी, गरमच असायचं. वर पातळ ओढणी टाकायची. रात्रभर हवेत ते पाणी निवायचं. सकाळी, ऊन यायच्या आधी, त्यात हात घालून बघायची आणि मग तेच पाणी मशीनमध्ये ओतायची. जीन्सचं धुणं उन्हाळ्यात नेहमी पहाटेच उरकायचं. धम्मानंद तेव्हा झोपलेला असायचा.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज कायले? जीन्स रोज धूत नसतात. पण ज्या दिवशी धुवे त्याच्या आदल्या दिवशी, हो."

"अन् मी लोकाईले सांगत होतो, माही नजर," तो म्हणाला. मग बराच वेळ तो ओल्या जीन्सचं पाणी हातानं निथळवत बसला. ड्रायरमध्ये त्यानं ती टाकलीच नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तिनं एकदा तरी म्हणायचं होतं ना वैनी. हे मी करून राहिली म्हणून."

 तिला ते म्हणायचं नव्हतं. तो कापडाची फुशारकी मारायचा तेव्हा तिला मजा वाटायची, एवढं मला माहीत आहे. त्याचा तो तोरा टिकावा म्हणूनच ती पहाटे उठायची असं मला कधीकधी वाटतं. पण हे मी त्याला बोलले नाही, कारण तिनं मला ते सांगितलं नव्हतं.

प्रोग्राम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. तो म्हणाला, "राहू द्या. मी संघपालले सांगतो, पोट्टाच बसव." आणि उठला.

तेव्हा मला आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण त्या दिवसाचं काहीच आठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ऑगस्टच्या त्या दुपारी त्यांचा ऑटो निघून गेला आणि आभाळ भरून आलं. मी धावत वर आले, दोन्ही घरांचे कपडे काढायला. टिनाखाली धम्मानंदची प्रोग्रामची जीन्स होती, ती जुनी, चांगली. नंदिनीनं सकाळी धुतलेली. मी ती काढली, रात्रभर माझ्याकडे पंख्याखाली वाळवली, जशी होती तशी दोन घड्या घातल्या आणि त्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात, तिच्या साड्यांखाली ठेवली. सरळ करत बसायला जीव थाऱ्यावर नव्हता. धम्मानंदनं तो कप्पा तेव्हापासून उघडला नव्हता. मोनालीलाही उघडू देत नव्हता.

मी त्याला सांगितलं. तो खाली गेला. मी जावं की नाही असं झालं, मग गेलेच.

कपाटासमोर जमिनीवर बसून त्यानं साड्या बाजूला केल्या, एकेक, दोन्ही हातांवर घेऊन. तळाशी जीन्स निघाली. उलटी. पांढुरकी आतली बाजू बाहेर, खिशांच्या पिशव्या बाहेर लोंबलेल्या, चेन लावलेली, बटण लावलेलं. त्यानं मोरीची कड जराशी उलटून पाहिली. आतून तोच निळा, गडद, जसाच्या तसा.

मला वाटलं आता याचा जीव भांड्यात पडेल. उद्याची अडचण मिटली. पण तो ती मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. हात फिरवत नव्हता, काही नाही.

"घाला ना सरळी करून," मी म्हटलं. "रात्रभर हवेला ठेवा, वास जाईल."

"वैनी," तो म्हणाला, "हे तिनं उलटी केली."

मी म्हटलं, हो.

"तिनं आत हात घातला अन् हिले बाहेर काढलं. त्याच्यानंतर हिले कोणी हात नाही लावला. तुमी घडी घातली तेवढंच." मग म्हणाला, "मी सरळी केली तं ते सरते. अन् घातली तं या उन्हात घामानं भिजन, धुवाच लागन. मंग हे तिचं धुणं नाही राहत. माहं होते."

मी आजवर त्याला पुष्कळ चिडवलं आहे. त्या दिवशी मात्र मला त्या जीन्समध्ये नंदिनीचा कोपरापर्यंत आत गेलेला हात दिसत होता, बांगडीसकट, आणि मला रडू आलं. मी तिथं बसून रडले. तो रडला नाही. त्यानं जीन्स उशाला ठेवली. मी माझ्या घरी आले.

चौदा तारखेला संध्याकाळी चौक गजबजला होता. निळे झेंडे, मंडपात खुर्च्या, पोरीबाळी नव्या साड्यांत. मी डावीकडे पुढे बसले, शेजारची खुर्ची मी कोणाला घेऊ दिली नाही. पर्स ठेवली तिच्यावर. एका बाईनं विचारलं, इथं कोणी आहे का? मी म्हटलं, आहे.

पार्टी स्टेजवर चढली. संघपाल, मागे कोरसवाले, आणि धम्मानंद. त्यानं ढोलकाची खोळ काढली, वाद्या ताणल्या आणि पुढे सरकून बसला, नेहमीपेक्षा बराच पुढे. लाइट लागला. गुडघ्यावर पडला. खिशाच्या विरलेल्या कडा दिसल्या, जीन्स तीच होती, सरळ केलेली. गुडघा निळा होता, इतका गडद की बाजूच्या पोरांच्या नव्या जीन्स त्याच्यापुढे फिक्या वाटत होत्या.

त्यानं चांगलं वाजवलं. दोनदा चुकला, पण ते मला कळलं, लोकांना नाही. मधे एकदा त्यानं गुडघ्याकडे पाहिलं आणि मग डावीकडे, आमच्या दोन खुर्च्यांकडे. मी हात हलवणार होते. मग लक्षात आलं की तो माझ्याकडे पाहत नव्हता, आणि मी हात खाली ठेवला.

पुढचे दोन दिवस जीन्स त्याच्या खोलीत खुंटीवर होती. घामाचे पांढरे डाग पाठीमागे कंबरेपाशी उमटले होते.  तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुळशीला पाणी घालायला गच्चीवर गेले तर टिनाखाली तीन बादल्या भरलेल्या, वर ओढणी टाकलेली. ओढणी नंदिनीचीच होती.

सकाळी उजाडताना मी वर गेले. तो होता तिथं. बादलीत हात घालून बघत होता. मग त्यानं जीन्स घेतली, चेन लावली, बटण लावलं आणि मोरीतून आत हात घातला. खांद्यापर्यंत घातला. थोडा वेळ तसाच थांबला. मग ओढून बाहेर काढली.

मशीनचा हलका फेरा झाला. ड्रायरचं बटण त्यानं थोडंसंच फिरवलं आणि खाली वाकून पाइपाकडे पाहत राहिला. धार तुटली, थेंब व्हायला लागले, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं बंद केलं. जीन्स झटकून, ताणून, टिनाच्या सावलीत उलटी वाळत घातली. एकही रेघ नव्हती. नंदिनीनं नावं ठेवली नसती.

धुतलेलं पाणी त्यानं वाहून जाऊ न देता पाइप बादलीत धरून काढून घेतलं होतं. आता तो बादली उजेडाकडे ओढून तिच्यात बघत होता. मीही वाकून पाहिलं. मला ते नुसतं गढूळ पाणी दिसलं.

"निळं आहे," तो म्हणाला. "कमी आहे, पण आहे. एवढं सगळं करूनही थोडा जातेच का हो रंग?"

"जातो," मी म्हटलं. "तिच्या हातूनही थोडा जाये. दर वेळी."

"मले तं कधी दिसलं नाही."

"तुमी उठायच्या आधी ती पाणी ओतून टाके."

तो बादलीशी उकिडवा बसून राहिला. ऊन चढलं, त्याची दुकानात जायची वेळ झाली, मी खाली जाऊन स्वयंपाक करून परत आले. तो तिथंच होता, जीन्स वाळत आली होती. बादली सरकवून त्यानं सावलीत घेतली होती, पण ओतली नव्हती.